बादलीची खोली १७२ सेंटिमीटर

अंघोळीची प्लास्टिकची बादली तळापासून काठापर्यंत मोजली तर जेमतेम तीस सेंटिमीटर भरते. माझ्या भाचीच्या होस्टेलमधल्या खोलीत मात्र एका रात्री अशीच एक बादली चांगली पुरुषभर खोल निघाली. बादलीच्या तोंडावर आडवी लाकडी पट्टी, पट्टीला खाली तोंड करून बांधलेला सेन्सर, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक येणारा आकडा: १७२, १७२, १७२. त्यात मगभर पाणी ओता, उपसा, बादली उचलून बाजूला ठेवा, आकडा ढिम्म हलत नव्हता.

भाची सांगलीकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि सकाळी आठच्या सुमारास, निम्म्या मुलींच्या केसांना शाम्पू लागलेला असताना, ती संपते. टाकीत किती पाणी आहे हे कळायचं म्हणजे कुणीतरी जिना चढून झाकण उघडून बघायचं. तेव्हा टाकीतली पातळी खाली पॅसेजमध्येच दिसावी, असं यंत्र मिनी-प्रोजेक्ट म्हणून करायचं तिने आणि तिच्या रूममेटने ठरवलं. सुट्टीत पुण्याला गेलेल्या मैत्रिणीकडून बुधवारातल्या तपकीर गल्लीतून सामान मागवलं. त्यात एक आर्डुइनो उनो, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि रंगीबेरंगी जंपर वायरींची एक जुडी होती. गच्चीवर जाण्याआधी खोलीत बादलीवर चाचणी घ्यायची, असा बेत.

आर्डुइनो हा तळहाताएवढा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्हरेया गावच्या एका डिझाइन संस्थेत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, हा त्यामागचा हेतू होता. बोर्डावर एटीमेगा३२८पी नावाचा मायक्रोकंट्रोलर असतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आहे आणि चालू हिशेबासाठी फक्त २ किलोबाइट. चिपच्या पायांना, म्हणजे पिनांना, वायरी जोडायच्या. प्रोग्रॅम सांगेल त्याप्रमाणे चिप एखाद्या पिनवर ५ व्होल्ट देते किंवा काढून घेते, नाहीतर बाहेरून तिथे किती व्होल्ट आलेत ते बघते. बाहेरच्या जगाचं तिला कळतं ते एवढंच.

सेन्सरचं नाव एचसी-एसआर०४. समोरून पाहिलं तर दोन डोळे वटारल्यासारखा दिसतो. एक डोळा आवाज सोडतो, दुसरा परत आलेला आवाज ऐकतो. विहिरीत डोकावून हाक मारावी आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखावं, तसंच हे. फरक इतकाच, की ही हाक ४० किलोहर्ट्झची असते, माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. सेन्सरला चार पाय असतात. दोन विजेचे, एक ट्रिग आणि एक एको. ट्रिगवर १० मायक्रोसेकंद ५ व्होल्ट दिले की सेन्सर हाक मारतो. त्यानंतर आवाज जाऊन परत येईपर्यंत जितका वेळ गेला तितका वेळ तो एकोवर ५ व्होल्ट धरून ठेवतो. आर्डुइनोने तो वेळ मोजायचा. आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन परत यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून आलेल्या वेळेला ५८ ने भागलं की अंतर मिळतं. सगळा प्रोग्रॅम मुळात या पाच ओळींचा:

```
digitalWrite(TRIG, HIGH);
delayMicroseconds(10);
digitalWrite(TRIG, LOW);
long t = pulseIn(ECHO, HIGH);
long cm = t / 58;
```

चौथ्या ओळीतलं `pulseIn` हे घड्याळ. पिनवर ५ व्होल्ट आले की ते सुरू होतं, गेले की थांबतं. आलेच नाहीत तर एक सेकंद वाट बघतं आणि शून्य घेऊन परत येतं. ते पुढे लागणार आहे.

दुपारी यंत्र झकास चाललं होतं. रिकाम्या बादलीत ३१, अर्ध्या बादलीत १६. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकूनही झाला. रात्री जेवून आल्यावर टेबल पंख्याखाली सरकवलं, बादली शेजारी घेतली, आणि हे १७२ सुरू झालं.

पुढच्या दोन-तीन तासांत जे घडलं ते या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. यंत्र चुकीचं वागतंय, आणि हाताशी बदलण्यासारखी गोष्ट एकच, प्रोग्रॅम. शिवाय दुपारनंतर तिने पडद्यावरचा मजकूर नीटनेटका करायला दोन ओळी बदलल्याही होत्या, त्यामुळे संशयित आयताच मिळाला. तिने त्या ओळी पूर्ववत केल्या. आकडा १७२. मग कुणीतरी तयार करून ठेवलेली लायब्ररी आणून वापरली. तरी १७२. मग तिने एकोची वायर नऊ नंबरच्या पिनमधून काढून सातमध्ये खोचली, प्रोग्रॅममध्येही नऊचे सात केले, आणि पडद्यावर ३१ आलं! नऊ नंबरची पिन जळाली, असा निकाल लागला. दहा मिनिटांनी सातवरही १७२.

मग रूममेटने शेजारच्या खोलीतून दुसरा सेन्सर आणला. तो लावताच पुन्हा ३१. म्हणजे पहिला सेन्सरच खराब, असं ठरलं. दुकानदाराला चार शब्द सुनावूनही झाले, अर्थात त्याच्या पाठीमागे. थोड्या वेळाने दुसऱ्या सेन्सरनेही बादली पुरुषभर खोल केली.

यातली गोम अशी, की पिन बदलताना वायर हलत होती आणि सेन्सर बदलताना तर ती काढून पुन्हा घट्ट दाबून बसवली जात होती. प्रत्येक उपायाबरोबर आणखी एक गोष्ट न कळत बदलत होती, आणि गुण यायचा तो त्या दुसऱ्या गोष्टीने. श्रेय मात्र उपायाला जायचं. अधूनमधून येणारा दोष कायमच्या दोषापेक्षा छळतो तो याचसाठी. तो दर वेळी खोटा पुरावा हातात ठेवून जातो.

शेवटी तिने रामबाण काढला. दहा वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. सेन्सरचा आकडा इकडेतिकडे उडत असेल तर हा उपाय चांगला, आणि पुस्तकांतही तो दिलेला असतो. इथे त्याचा परिणाम उलटा झाला. आधी १७२ च्या मध्येच एखादा १६९, एखादा १७५ तरी येत असे, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे दिसत तरी होतं. सरासरीने तेही पुसून गेलं. आता पडद्यावर सेकंदाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत अगदी ठाम १७२.

साडेअकराच्या सुमारास लाइट गेली. अख्ख्या होस्टेलची. पॅसेजमधून नेहमीचा ओरडा उठला, पंखा थांबला, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. आर्डुइनोला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतूनच मिळत होती, त्यामुळे तोही चालू. पण पडदा गोठल्यासारखा झाला. सेकंदाला येणारी ओळ येईना. बऱ्याच वेळाने एक ओळ आली, त्यात ०. पुन्हा दहा-अकरा सेकंद काही नाही, मग आणखी एक ०. वीस-पंचवीस मिनिटांनी लाइट आली आणि त्याबरोबर १७२ हजर.

आता यात प्रोग्रॅमचा संबंध कुठे येतो? प्रोग्रॅम तोच, चिप तीच, तिला मिळणारी वीज तीच. बदललं होतं ते फक्त भिंतीतल्या वायरींतून वाहणारं. तिने बाहेर पॅसेजमध्ये जाऊन शेवटच्या वर्षाच्या एका सीनियरला गाठलं. ही ताई झोपायच्या तयारीत होती, पण बादली बघून आत आली.

“अगं, भागाकार कशाला छापतेस?” ती म्हणाली. “सरासरी काढून टाक, आणि पिनवर जो वेळ येतोय तोच छाप बघू.”

भाचीने `Serial.println(t);` एवढी ओळ घातली. पडद्यावर आलं ते असं:

```
9948
10064
9992
10020
```

ताईने आकडे बघितले आणि ती हसायलाच लागली. “हे अंतर नाहीच गं. ही एमएसईबीची लाइट मोजतेयस तू.”

दहा हजार मायक्रोसेकंद म्हणजे दहा मिलिसेकंद. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते. तिचा दाब सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो, म्हणजे एक फेरा वीस मिलिसेकंदांचा. त्यातले दहा मिलिसेकंद दाब वरच्या बाजूला असतो, दहा खालच्या. `pulseIn` मोजत होतं ती ही वरची बाजू. दहा हजारांना ५८ ने भागा, १७२ येतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. तिथल्या होस्टेलमध्ये हाच दोष झाला असता तर बादली १४३ सेंटिमीटर भरली असती.

पण भिंतीतली वीज पिनवर आली कशी? एटीमेगाची पिन ऐकण्याच्या भूमिकेत असते तेव्हा ती जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. तिचा रोध सुमारे १०० मेगाओहम, म्हणजे दहा कोटी ओहम धरतात. एकोची वायर नीट जोडलेली असेल तर सेन्सर त्या पिनला ठामपणे ० नाहीतर ५ व्होल्टवर धरून ठेवतो, तिथे बाहेरच्या कशाचं काही चालत नाही. तीच वायर सेन्सरच्या टोकाला तुटली की पिनला लटकलेला वीत-दीड वीत तारेचा तुकडा अँटेनाचं काम करतो. टेबलाशेजारचा बोर्ड, चार्जर, पंख्याची वायर यांच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र त्या तुकड्यावर क्षीण दाब उमटवतं. एरवी एवढासा दाब कशालाही लागताच विरून जाईल, पण इथे पिन तो ओढतच नाही, त्यामुळे तो टिकतो. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप ३ व्होल्टच्या वर गेलेलं सगळं ‘आहे’ समजते, दीडच्या खाली गेलेलं ‘नाही’. मधल्या भागात काय समजेल त्याचा भरवसा नाही. अशा अधांतरी पिनवर ५० हर्ट्झची लहर आली की चिपला ती आहे-नाही-आहे-नाही अशी दिसते, आणि प्रत्येक ‘आहे’ दहा मिलिसेकंदांचा.

लाइट गेल्यावर ती लहरही गेली. पिनवर काहीच येईना, म्हणून `pulseIn` दर खेपेला पूर्ण सेकंद थांबून शून्य आणू लागलं. सरासरीसाठी अशा दहा खेपा, म्हणून ओळ दहा-अकरा सेकंदांनी. पडदा गोठला नव्हताच.

निदान पक्कं करायला ताईने साधी गोष्ट केली. सेन्सरच्या एको पायावरची हिरवी वायर उपसून काढली. आकडा तसाच राहिला, दहा हजारांच्या आगेमागे. म्हणजे ती वायर वरवर लागलेली होती, पण विजेच्या दृष्टीने लागलेलीच नव्हती. मग तिने मोकळ्या टोकाजवळ तळहात नेला, तर आकडे आणखी ठाम झाले. आपलं शरीरही ही लहर गोळा करतं.

आता वायर तपासायची. यूएसबी काढून टाकली, कारण मल्टिमीटरची ही चाचणी वीज बंद असतानाच करायची असते. मल्टिमीटर बीपवर लावला. या सेटिंगवर दोन टोकांमध्ये वाट सलग असेल तर तो वाजतो. वायरचं आर्डुइनोकडचं टोक म्हणजे उघडी पिन, तिला एक प्रोब लावला. सेन्सरकडचं टोक म्हणजे भोकाचं काळं प्लास्टिक, त्यात टाचणी घालून टाचणीला दुसरा प्रोब. बीप आला! चारही वायरींना आला. भाचीचा चेहरा पडला.

इथे बरेच जण वायर चांगली आहे असं ठरवून पुढे जातात. पण टाचणी आत दाबताना आतले भाग एकमेकांना टेकतात आणि तेवढ्यापुरती वाट जुळते. म्हणून प्रोब लावून ठेवायचे आणि वायर काळ्या प्लास्टिकच्या अगदी मागे, बोटभर अंतरात, हलकेच चहूबाजूंनी वाकवायची. लाल वायर वाकवली, आवाज सलग. काळी, पिवळी, सलग. हिरवी डावीकडे वाकवली आणि बीप तुटला. उजवीकडे आणली, परत आला.

ते प्लास्टिक उघडता येतं. त्याच्या एका अंगाला लहानशी जीभ असते, ती टाचणीने उचलली की आतली पितळी टिकली सरकून बाहेर येते. ही टिकली वायरीवर दोन ठिकाणी चिमटलेली असायला हवी. पुढच्या चिमट्यात उघडी तांब्याची तार, मागच्या चिमट्यात रबरी आवरण, म्हणजे ओढ बसली तर ती आवरणावर बसावी, तारेवर नाही. हिच्यात पुढचा चिमटाही अर्धा आवरणावरच बसला होता. आत केसासारख्या बारीक तारा, त्यातल्या बऱ्याच चिमट्याच्या कडेशी मोडलेल्या. उरलेल्या दोन-तीन नुसत्या टेकल्या होत्या. आवरण मात्र शाबूत, त्यामुळे बाहेरून वायर अगदी नवी दिसत होती. दुपारी ती टेकलेली होती. रात्री टेबल सरकवताना ओढ बसली, आणि वर पंख्याचा वारा होताच.

अशा जुड्यांतल्या वायरी स्वस्त असतात, आणि दहा-वीस वेळा काढघाल झाली की त्यातली एखादी अशी निघतेच. त्याबद्दल फार तक्रार करण्यात अर्थ नाही, त्या टेबलावरच्या प्रयोगासाठीच असतात. गच्चीवरच्या टाकीला त्या लावायचा बेत मुलींनी त्याच रात्री सोडला. तिथे स्क्रूने आवळायची जोडणी किंवा सोल्डर हवं. सेन्सरही दुसरा हवा, कारण याचे डोळे उघडे आहेत आणि टाकीतल्या दमट हवेत ते खराब होतात. टाकीसाठी पाणी न शिरणारा सेन्सर मिळतो, फक्त तो जवळचं वीसेक सेंटिमीटर मोजू शकत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून तेवढा उंच बसवावा लागतो.

वायर बदलली, ३१ आलं. भाचीने प्रोग्रॅम मात्र पहिल्यासारखा ठेवला नाही. ताईच्या सांगण्यावरून त्यात हे बदल केले:

```
pinMode(ECHO, INPUT_PULLUP);
unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 30000);
if (t == 0) Serial.println("CHECK WIRE");
```

पहिल्या ओळीने चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रोध पिनला ५ व्होल्टशी जोडतो. जोडलेला सेन्सर त्यावर सहज मात करतो, पण हवेतून आलेली क्षीण लहर करू शकत नाही. एकोची वायर सुटली तर पिन कायम ५ व्होल्टवर राहते, `pulseIn` ला सुरुवात सापडत नाही, आणि १७२ सारखा खराखुरा वाटणारा आकडा येण्याऐवजी शून्य येतं. दुसऱ्या ओळीतले ३०,००० मायक्रोसेकंद म्हणजे वाट बघायची मर्यादा. सेन्सरच्या चार मीटरच्या पल्ल्याला २३,२०० पुरतात, तेव्हा सेकंदभर ताटकळायचं कारण नाही. तिसरी ओळ नसती तर हे शून्य अंतर म्हणून गेलं असतं. शून्य अंतर म्हणजे पाणी सेन्सरला टेकलंय, टाकी काठोकाठ भरलीय. रिकाम्या टाकीला भरलेली म्हणणारं यंत्र सकाळी आठला कुणाच्या उपयोगाचं?

या उपायालाही मर्यादा आहे. ट्रिगची वायर तुटली तरी शून्यच येईल, प्रतिध्वनी परत आला नाही तरीही काही वेळा शून्यच येईल, त्यामुळे कोणती वायर ते पडदा सांगणार नाही. सेन्सरची जमिनीची, म्हणजे ग्राउंडची वायर सुटली तर तो अर्धवट वीज दुसऱ्याच पायांतून ओढून भलतेसलते आकडेही देऊ शकतो, आणि ते या ओळींना पकडता येत नाहीत. त्यासाठी भाचीने आणखी एक अट घातली. बादलीच्या खोलीपेक्षा मोठा आकडा आला तर तो दाखवायचाच नाही.

हिरवी वायर रूममेटने उचलून परत जुडीत ठेवायला घेतली होती. ताईने ती तिच्या हातातून काढून घेतली, दोन्ही टोकं कात्रीने छाटली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. “ती जुडीत गेली,” ती म्हणाली, “तर पुढच्या सबमिशनला बरोबर हीच तुमच्या हाताला लागेल.”